जाहिरातीचाच शेवट उसना घेणारी गोष्ट

सावळ्या मुलीची एक गोष्ट मराठीत वर्षानुवर्षे लिहिली जात आहे. शाळेच्या हस्तलिखितात ती असते, कथास्पर्धेच्या गठ्ठ्यात ती हमखास सापडते आणि मोठ्यांच्या अंकांतही थोड्या फरकाने तिची वर्णी लागते. मुलगी गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात पाहते, आरशासमोर उभी राहून रडते, घरच्यांच्या नकळत क्रीम लावू लागते. मग आजी किंवा वर्गशिक्षिका तिला जवळ घेऊन समजावतात, कृष्णही सावळाच होता याची आठवण करून देतात. पुढे ती वक्तृत्वाच्या किंवा धावण्याच्या स्पर्धेत पहिली येते, सभागृहात टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांच्या गजरात तिला आपल्या रंगाचा अभिमान वाटू लागतो. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप शेवटाला आहे, कारण तो शेवट जाहिरातीकडूनच उसना घेतलेला आहे.

जाहिरातीत काय होते ते आठवून पाहावे. एक मुलगी मागे पडलेली असते, तिला एक उपाय सापडतो, ती पुढे येते आणि ज्यांनी तिला नाकारले तेच तिच्याकडे वळून पाहतात. गोष्टीत उपाय तेवढा बदलतो. ट्यूबच्या जागी वक्तृत्व येते, बाकी सारा क्रम जसाच्या तसा राहतो. त्यातून वाचणाऱ्या मुलीच्या हाती जे लागते ते असे, की रंग सावळा असेल तर त्याची भरपाई करावी लागते आणि भरपाई पुरेशी झाली की लोक रंग माफ करतात. जी मुलगी कोणत्याच स्पर्धेत पहिली येत नाही, आणि बहुसंख्य मुली कोणत्याच स्पर्धेत पहिल्या येत नसतात, तिला या गोष्टीत जागा नाही. जाहिरातीने निदान तिच्यासाठी एक ट्यूब तरी ठेवली होती.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या गोष्टी ज्या जाहिरातीशी भांडतात ती जाहिरात आता दिसेनाशी झाली आहे. हिंदुस्तान लिव्हरने 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणल्यापासून पुढची तीसेक वर्षे या जाहिरातींचा साचा उघडावाघडा होता: लग्न जमत नसलेली मुलगी, नोकरी मिळत नसलेली मुलगी, आणि तिच्यासमोर गडद ते उजळ अशी चेहऱ्यांची रांग. त्यांपैकी एक जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. घरात कमावता मुलगा नाही म्हणून वडील हळहळतात, ते शब्द मुलीच्या कानावर पडतात, ती क्रीम लावते आणि हवाई सुंदरी होऊन परत येते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी लावून धरल्या आणि 2003 साली ती जाहिरात पडद्यावरून गेली. 2014 साली जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन करणाऱ्या संस्थेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, या उत्पादनांसाठी खास मार्गदर्शक तत्त्वे काढली. गडद रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा चिंताग्रस्त दाखवू नये. लग्न, नोकरी, बढती यांत ती मागे पडते असे सुचवू नये. क्रीम वापरण्यापूर्वीचा चेहरा दाखवताना त्यावरचे भाव मलूल नसतील याची विशेष काळजी घ्यावी. रंगाचा संबंध जात, धर्म किंवा व्यवसायाशी जोडू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. 2019 साली ‘फेअर अँड लव्हली’च्या वेष्टनावरून दोन चेहऱ्यांचे चित्र आणि रंगछटांची पट्टी काढली गेली. 2020 च्या जुलैत त्या क्रीमचे नावच बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले.

ही सगळी पावले योग्यच होती आणि त्यांमागे स्त्रियांच्या संघटनांची अनेक वर्षांची चिकाटी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला, की जाहिरात अधिक सभ्य झाली आणि म्हणून अधिक अवघड झाली. आजच्या जाहिरातीतली पहिल्या दृश्यातली मुलगी रडत नाही. ती लॅपटॉप उघडून बसलेली असते, मैत्रिणींबरोबर हसत असते, तिला कोणी नाकारलेले नसते. फक्त तिची त्वचा ‘निस्तेज’ असते, ‘टॅन’ झालेली असते, प्रदूषणाने थकलेली असते. पूर्वी सावळेपणा हा कमीपणा होता. आता तो आजारपणासारखा, उतरवून टाकता येणारा थर आहे. शेवटच्या दृश्यात वर नसतो, साहेब नसतो. असतो तो आत्मविश्वास. म्हणजे आपल्या गोष्टीतली आजी जे नातीला देऊ पाहते, तेच ट्यूबच्या खोक्यावर छापलेले आहे. अशा जाहिरातीसमोर ‘स्वतःवर विश्वास ठेव, बाळा’ हे वाक्य लुळे पडते, कारण समोरचाही तेच म्हणतो आहे.

मग ही गोष्ट लिहायचीच कशी? लिहायला हवी, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. जाहिरात पाहिलेल्या मुलीला पुढे आपल्या रंगाचा अभिमान वाटू लागतो, हे या गोष्टीचे बीज आहे, आणि त्या बीजात एक शक्यता आहे जी बहुतेक लेखक वापरतच नाहीत. ते जाहिरातीला फक्त जखम करणारी वस्तू मानतात; बरे करणारे दुसरेच कोणीतरी येते. समजा, अभिमान खरोखर जाहिरातीतूनच आला, ती दुर्लक्षून नव्हे तर ती नीट पाहून, तर काय होईल? ती गोष्ट मला अशी दिसते.

मुलगी नववीत आहे. जाहिरात तिला मोबाइलवर दिसते, दोन व्हिडिओंच्या मध्ये, पाच सेकंदांनी पुढे ढकलता येणारी. ती पुढे ढकलत नाही. तिला क्रीम हवे आहे, आणि गोष्टीने हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पहिल्या पानापासून ती शहाणी असेल तर पुढे घडण्यासारखे काहीच उरत नाही. आपण लावले तर नेमका किती फरक पडेल याचा तिला अंदाज घ्यायचा आहे, म्हणून ती पहिल्या चेहऱ्याचा आणि शेवटच्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट काढते आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवते.

आता ती पाहू लागते. पहिल्या चित्रात उजेड एका बाजूने येतो आहे, त्यामुळे नाकाची सावली गालावर पडली आहे आणि डोळ्यांखाली काळसर दिसते आहे. केस मागे ओढून बांधलेले, ओठ कोरडे. शेवटच्या चित्रात उजेड समोरून आणि मऊ आहे, सावली कुठेच नाही, दोन्ही बुबुळांत प्रकाशाचा एकेक ठिपका आहे, केस मोकळे आहेत, ओठांना रंग आहे. हे सारे ती एकदम ओळखत नाही. तिला आधी खटकते ती मागची भिंत. पहिल्या चित्रात भिंत राखाडी आहे आणि शेवटच्या चित्रात तीच भिंत, त्याच फ्रेमची, त्याच खिडकीची, जवळजवळ पांढरी झालेली आहे. क्रीम तर चेहऱ्याला लावले होते. भिंत कशी उजळली? मग ती चित्र बोटांनी मोठे करते आणि पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले वाचते: ‘सर्जनशील चित्रण. परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात.’

इथे एखादा उतावीळ लेखक तिला लगेच हसवील आणि मोबाइल बाजूला ठेवायला लावील. मी तसे करणार नाही, कारण लबाडी उघडी पडली म्हणून हाव जात नाही. फसवणूक कळूनही माणसे लॉटरीचे तिकीट घेतात. शिवाय त्या चित्रांत तिला याहून वाईट काहीतरी दिसायचे आहे. ती आपला हात मोबाइलच्या शेजारी धरते आणि तिच्या लक्षात येते, की पहिला चेहरा, ज्याला जाहिरात समस्या समजते तो, तिच्या हातापेक्षा पुष्कळ उजळ आहे. म्हणजे जाहिरातीतली ‘आधीची’ मुलगीसुद्धा ती नाही. तिच्या रंगाचे त्या तीस सेकंदांत कोणीच नाही. रस्त्यावरून जाणारे माणूस नाही, मैत्रिणींच्या घोळक्यातली मैत्रीणही नाही. गोष्टीचा सर्वांत दुखरा क्षण मला हा वाटतो. आपल्याला नाकारले गेले असे वाटणे वेगळे. आपण नाकारण्याइतकेही मोजले गेलो नाही हे कळणे वेगळे. गोष्टीने इथे घाई न करता एखादी रात्र जाऊ द्यावी.

तिचा अभिमान याच जागेतून उगवायचा आहे, परंतु त्यासाठी तिला आणखी एक गोष्ट पाहावी लागेल, आणि ती तिच्या घरात आहे. तिची मावसबहीण, वीस-बावीस वर्षांची, ताई म्हणून तिची लाडकी, गेले वर्षभर एक ट्यूब लावते आहे. ही जाहिरातीतली ट्यूब नव्हे. जाहिरातीतल्या क्रीमने काही महिन्यांत फारसे काही झाले नाही, तेव्हा कोणीतरी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ही दुसरी ट्यूब आहे. साध्या क्रीमचा मुख्य घटक बहुधा नायसिनामाइड, म्हणजे बी-3 या जीवनसत्त्वाचे एक रूप असतो; त्वचेत तयार झालेले रंगद्रव्य वरच्या पेशींकडे जाते, ती ये-जा तो थोडी कमी करतो, जोडीला उन्हापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि लावणे थांबवले की हळूहळू सारे पूर्ववत होते. दुसऱ्या ट्यूबचे प्रकरण निराळे. तिच्यात हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड 0.1 टक्का असते. चेहऱ्यावरच्या वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरते वापरण्याचे ते औषध आहे. लोक मात्र ते गोरे होण्याचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावतात.

पहिले काही आठवडे ते खरोखर काम करते, आणि फसगत होते ती नेमकी तिथे. चेहरा उजळतो, नितळ दिसतो, येणारेजाणारे कौतुक करतात. पुढे त्वचा पातळ होत जाते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते, हनुवटीवर आणि कानाजवळ लव वाढते, उन्हात गेले की चेहरा पेटल्यासारखा होतो. घाबरून ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत लाली आणि आग इतकी वाढते, की माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो आणि आराम पडला म्हणून तिलाच औषध समजतो. त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा म्हणतात. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी वेगळा कृतिगट नेमला, आणि 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा ‘शेड्यूल एच’ यादीत स्पष्टपणे घातली. ओळखण्याची खूण सोपी आहे: जे क्रीम थांबवले की त्रास सुरू होतो आणि लावले की थांबतो, ते सौंदर्यप्रसाधन नसते. मागच्या बाजूला घटकांत ‘सोन’ किंवा ‘सॉल’ने संपणारे नाव दिसले, मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, तर ते स्टेरॉइड असण्याचीच शक्यता धरावी.

गोष्टीतल्या मुलीला ताईबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचे आहे. डॉक्टर ताईचा चेहरा पाहून झाल्यावर तिला बाही वर करायला सांगतात आणि दंडाची आतली बाजू पाहतात, जिथे ऊन सहसा पोहोचत नाही.

“हा तुमचा मूळ रंग,” त्या म्हणतात. “चेहऱ्यावर उन्हाने जो थर चढला असेल तो उतरवून मी तुम्हाला फार तर इथपर्यंत आणू शकते. याच्या पलीकडे नेतो असं कुणी म्हणालं, तर तिथून पाय काढायचा.”

“मग इतके दिवस जे लावलं त्याचं काय?” ताई विचारते.

“ते एकदम नाही सोडायचं, हळूहळू सोडवू. आणि थोडं जळेल, ते सहन करायचं.”

मुलगी न सांगता स्वतःचा दंड पाहते. तिचा आतला दंडही जवळजवळ तिच्या चेहऱ्याइतकाच गडद आहे. म्हणजे तिच्या रंगाखाली दुसरा कोणताही रंग दडलेला नाही. जाहिरात म्हणते तसा उतरवण्याचा थर नाही, ‘निस्तेज’ असे काही नाही. हा तिचाच रंग आहे, वरपासून आतपर्यंत. तिच्या मनातली हाव इथे मोडते, आणि ती कोणाच्या उपदेशाने मोडत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

परंतु हाव मोडणे म्हणजे अभिमान नव्हे. त्यासाठी त्या दंडाकडे पाहून तिने एक प्रश्न विचारायला हवा, जो तिला आजवर कोणी विचारू दिला नाही: हा रंग करतो काय? आपण रंग कसा दिसतो याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. तो काय करतो याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही. डॉक्टर तिला सांगतात, की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि तिच्यात जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या पेशी रंगाच्या ज्या कणिका तयार करतात त्यांत: तिच्या त्वचेत त्या मोठ्या असतात, सुट्या सुट्या पसरतात आणि जास्त काळ टिकतात, गोऱ्या त्वचेत त्या लहान, घोळक्याने असतात आणि लवकर विरून जातात. पेशीत पोहोचल्यावर या कणिका वाटेल तशा पडून राहत नाहीत. त्या पेशीकेंद्राच्या वरच्या बाजूला, ऊन येते त्या दिशेला, छत्रीसारख्या जमतात आणि आतल्या डीएनएवर पडणारे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात अडवतात. म्हणजे तिच्या गालावरच्या, कपाळावरच्या, हाताच्या पाठीवरच्या पेशी-पेशीत या क्षणी एक काम चालू आहे आणि ज्याला ती लाजत होती तो रंग त्या कामाचाच भाग आहे.

इथे लेखकाने तोल सांभाळायला हवा. गडद त्वचेला उन्हाचा त्रास होतच नाही असे नाही. वांग आणि काळे डाग याच त्वचेवर अधिक चिकट बसतात, आणि कोवळ्या, कमी उन्हाच्या प्रदेशात फिकट त्वचा ड जीवनसत्त्व अधिक सहज बनवते. म्हणून ही श्रेष्ठतेची गोष्ट नाही. एक रंग एका उन्हासाठी घडला, दुसरा दुसऱ्या उन्हासाठी. मुलीला मिळते ती वरची पायरी नव्हे. तिला मिळते आपल्याच शरीराची ओळख, जी तिच्यापासून फार लवकर काढून घेतली गेली होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. रंग कोणी कमावलेला नसतो, मग त्याचा अभिमान कसला? गोऱ्या माणसाने आपल्या गोरेपणाचा अभिमान बाळगला तर आपण त्याला हसतो किंवा त्याची भीती वाटून घेतो. मग सावळीने बाळगला तर त्याला दाद का द्यावी? रंग ही निव्वळ बिनमहत्त्वाची बाब आहे असे मुलींना शिकवणे अधिक न्याय्य नाही का? हे म्हणणारी माणसे समतावादी असतात आणि त्यांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. ज्या समाजात रंगावरून कोणाचा पाणउतारा होत नाही त्या समाजात रंगाचा अभिमान खरोखरच हास्यास्पद ठरेल. पण आपण त्या समाजात राहत नाही. ‘शादी डॉट कॉम’ या विवाहविषयक संकेतस्थळावर रंगाची चाळणी 2020 च्या जूनपर्यंत उपलब्ध होती आणि ती काढली गेली तीही लोकांनी सह्या गोळा करून मागणी केल्यावर. वधू पाहिजेच्या जाहिरातींत ‘गोरी’ अजूनही छापले जाते. ज्या मुलीला दररोज सांगितले जाते की तुझा रंग मोठी बाब आहे, तिला ‘रंग ही बाबच नाही’ असे सांगणे म्हणजे तिच्यावर जे घडते आहे ते घडतच नाही असे सांगणे होय. अभिमान इथे अपमानाचे उत्तर म्हणून येतो आणि त्याचे माप त्या अपमानाएवढेच असते. गोऱ्या माणसाच्या अभिमानासमोर असा कोणताही अपमान नसतो. दोन्हींतला फरक तो आहे. अपमान थांबला की हा अभिमानही आपोआप विरघळायला हवा, आणि तो विरघळला तर मला वाईट वाटणार नाही.

याच कारणाने ‘सावळा रंगही सुंदर’ ही घोषणा मला अर्धीच पटते. 2009 साली चेन्नईहून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू झाली, नंदिता दास यांनी ती पुढे देशभर पोहोचवली आणि तिने पुष्कळांना बोलते केले, हे निर्विवाद आहे. परंतु सौंदर्याच्या यादीत आणखी एक रंग बसवल्याने यादी करणाऱ्याचा अधिकार तसाच राहतो. उद्या तो यादीतून कोणाला काढील हे सांगता येत नाही. माझ्या गोष्टीतली मुलगी सुंदर आहे की नाही हे मी वाचकाला सांगणार नाही. तिच्या डोळ्यांचे, केसांचे, हसण्याचे वर्णन करून रंगाची भरपाई करण्याचा मोह आपल्या कथालेखकांना फार अनावर होतो, आणि तो आवरला तर गोष्ट निम्मी सुधारते.

शेवट कसा असावा? वर्गाचा निरोपाचा फोटो काढायचा आहे. एका मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये चेहरे आपोआप उजळ आणि गुळगुळीत करणारी सोय चालू आहे. पडद्यावर सगळ्या मुलींचे चेहरे एकाच फिकट छटेचे दिसत आहेत आणि मागची भिंतही पांढरी पडली आहे. ती भिंत पाहताच मुलीला कळते की काय चालले आहे. ती हात पुढे करून ती सरकपट्टी शून्यावर आणते.

“अगं, काळी येशील,” मैत्रीण म्हणते, आणि ती दुष्टपणाने म्हणत नाही.

“येऊ दे,” मुलगी म्हणते.

फोटो निघतो. टाळ्या पडत नाहीत. मैत्रीण नंतर स्वतःच्या फोटोसाठी सरकपट्टी पुन्हा वर नेते, हेही गोष्टीत असले पाहिजे, कारण एका मुलीच्या कळण्याने वर्ग बदलत नाही आणि बदलला असे दाखवणे ही पुन्हा जाहिरातीचीच लकब आहे.

काही जण म्हणतील, की एवढी भिंत, एवढ्या कणिका, एवढी टक्केवारी गोष्टीला पेलणार नाही, ती विज्ञानाचा धडा होऊन बसेल. हा धोका आहे खरा, आणि लेखक कच्चा असेल तर तसेच होईल. पण आजवरच्या गोष्टी उपदेशाचा धडा होऊन बसल्या होत्या, त्यापेक्षा हा धोका पत्करण्यासारखा आहे. पाहायला शिकलेली मुलगी पुढची जाहिरातही पाहू शकते, जी आज आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही. समजावलेली मुलगी फक्त कालच्या जाहिरातीपुरती तयार असते.

गोष्टीकडून जे होणार नाही ते कायद्याकडून मागायला हवे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात गोरेपणाच्या दाव्यांचा समावेश करण्याचा मसुदा केंद्राने 2020 च्या फेब्रुवारीत काढला होता आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड सुचवला होता. पण ज्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्दच उरलेला नाही तिला हा धाक कितपत लागू पडेल? त्यापेक्षा साधी मागणी अशी, की आधीचा आणि नंतरचा चेहरा दाखवायचा असेल तर दोन्ही वेळा उजेड, कॅमेरा, केस आणि मागची भिंत एकच असावी, आणि तसे केले आहे असे ठळक अक्षरांत लिहावे. जी क्रीमे खरोखर काही करतात त्यांचे यात काहीही बिघडणार नाही.

आणि कथास्पर्धांच्या परीक्षकांसाठी, अंकांच्या संपादकांसाठी एक सोपी कसोटी आहे. सावळ्या मुलीची गोष्ट हाती आली, की तिचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे बक्षीस, टाळ्या, अभिनंदन, बोटाने झाकून ठेवावा आणि उरलेली गोष्ट पुन्हा वाचावी. त्या झाकलेल्या ओळींशिवायही मुलीचा अभिमान उभा राहत असेल तर गोष्ट छापावी. नसेल तर लेखकाला तो परिच्छेद काढून पुन्हा लिहायला सांगावे.